दहावा की अकरावा? संधीवरच्या एका राहूचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका स्त्रीचं आहे. जन्म १९८४ च्या अगदी सुरुवातीचा, रात्रीचा. ओळख पटू नये म्हणून तारीख, गाव आणि कंपनीचा तपशील गाळला आहे. ग्रहस्थिती मात्र जशीच्या तशी ठेवली आहे, कारण सगळा घोळ तिच्यातच होता.

२००६ मध्ये त्यांनी पहिली नोकरी धरली, हिशेब विभागात. जवळपास पाच वर्षं त्या एकाच टेबलावर बसल्या. त्यांच्याच शब्दांत, त्या काळात त्यांना कशाचीही घाई नव्हती. नोव्हेंबर २०१० मध्ये एका जुन्या वर्गमैत्रिणीने माल पोचवण्याच्या व्यवसायातल्या नव्या कंपनीबद्दल सांगितलं, आणि मे २०११ मध्ये त्या तिथे रुजू झाल्या. क्षेत्र नवं, काम नवं, शिक्षणाशी काहीच संबंध नाही. पुढच्या सात वर्षांत चार नोकऱ्या झाल्या. चारही ओळखीतून आल्या, आणि त्यांतल्या तीन वरिष्ठांशी खटका उडून सुटल्या.

एप्रिल २०१९ मध्ये त्यांचा वरिष्ठ एका आठवड्याच्या सूचनेवर निघून गेला. खुर्ची रिकामी राहू नये म्हणून त्यांना हंगामी प्रमुख केलं आणि तीन महिन्यांत कायम केलं. मधल्या दोन पायऱ्या वगळून ही बढती मिळाली. हाताखाली चौदा माणसं होती ती एकशे दहा झाली, पगार अडीचपट झाला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या सल्ला घ्यायला आल्या, तेव्हा त्यांची झोप चार तासांवर आली होती. लॅपटॉपमध्ये राजीनाम्याचे दोन मसुदे तयार होते. एका जुन्या सहकाऱ्याने स्वतःच्या नव्या कंपनीत भागीदारी देऊ केली होती: वीस टक्के हिस्सा, पगार आताच्या निम्मा, आणि कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी. मार्चअखेर उत्तर द्यायचं होतं.

अडचण: एक पत्रिका, दोन उलट सल्ले

येण्याआधी त्यांनी दोन ज्योतिषांना पत्रिका दाखवली होती. पहिल्याने सांगितलं, ‘लाभस्थानी राहू आहे, बाकी ग्रह कसेही असोत, हा देतोच. भागीदारी घ्या.’ दुसऱ्याने सांगितलं, ‘दशमात राहू आहे, वृषभेत, उच्चीचा. हा राजयोग आहे, पद सोडू नका.’

दोघांपैकी कोणीही थाप मारली नव्हती. एकाने भावचलित पाहिलं होतं, दुसऱ्याने लग्नकुंडली. पत्रिका अशी होती: सिंह लग्न ४ अंश. राहू वृषभेत २० अंश ४५ कला, रोहिणीच्या चौथ्या चरणात. समोर वृश्चिकेत केतू, त्याच राशीत ९ अंशांवर शुक्र. तुळेत मंगळ आणि उच्चीचा शनी. धनूत रवी, चंद्र, बुध, गुरू असे चार ग्रह. त्यांत चंद्र अमावास्या नुकतीच ओलांडलेला, म्हणजे क्षीण, आणि बुध वक्री व अस्तंगत.

सिंह लग्नाला वृषभ ही दशमाची रास. रास म्हणजेच भाव असं धरलं तर राहू दशमात, हे सरळ आहे. श्रीपती पद्धतीत मात्र लग्नाचा अंश हा पहिल्या भावाचा मध्य असतो. या पत्रिकेत दशमाचा मध्य वृषभेच्या ४ अंशांवर येतो आणि लाभाचा मध्य मिथुनेच्या ४ अंशांवर. दोघांमधली भावसंधी वृषभेच्या १९ अंशांवर. राहू संधीच्या पुढे पावणेदोन अंश सरकलेला, म्हणून चलितात तो अकरावा. कृष्णमूर्ती पद्धतीत तोच ४ अंश हा भावाचा मध्य नसून आरंभ असतो, त्यामुळे तिथे राहू पुन्हा दशमात येतो.

म्हणजे तीन पद्धती, आणि दोन विरुद्ध एक असा निकाल. इथे मतदान घेऊन उपयोग नाही. संधीपासून पावणेदोन अंशांवर ग्रह असला की आधी जन्मवेळेची खात्री करायची, मग फळाकडे वळायचं.

जन्मवेळ किती खरी

दवाखान्याच्या जुन्या कार्डावर वेळेच्या रकान्यात निळ्या शाईचा एक ठसठशीत ९ होता. मिनिटं नाहीत, पुढे टिंबही नाही. असा एकटा आकडा दिसला की तो बहुधा गोल केलेला असतो. आईची आठवण ‘नऊ वाजून गेले होते’ एवढीच. म्हणजे खरी वेळ नऊ ते सव्वानऊच्या दरम्यान कुठेही असू शकत होती.

संधीच्या दृष्टीने ही पंधरा मिनिटं फार मोठी आहेत. दहा मिनिटांत दशमाचा मध्य आणि त्याबरोबर संधी सुमारे २ अंश २५ कला पुढे जाते. म्हणजे ९:१० ला जन्म धरला तर संधी साडेएकवीस अंशांच्या आसपास येते आणि २० अंश ४५ कलांवरचा राहू चलितातही दशमात परततो.

इथे आणखी एक फाटा फुटतो, तो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. वर दिलेला राहू मध्यम गतीचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘स्पष्ट राहू’ निवडला तर या तारखेला तो सुमारे सव्वा अंश पुढे, २२ अंशांच्या थोडा पलीकडे येतो. मग ९:१० ला मध्यम राहू दशमात आणि स्पष्ट राहू लाभात असा प्रकार होतो. ९:१५ ला दोन्ही दशमात येतात. सॉफ्टवेअरमधली एक खूण इकडची तिकडे झाली की फलादेश उलटा होतो, आणि छापील पत्रिकेवर कोणता राहू घेतला हे क्वचितच लिहिलेलं असतं.

जन्मवेळेचा दुसरा परिणाम दशेवर होतो. चंद्र पूर्वाषाढा नक्षत्राच्या शेवटच्या भागात आहे, म्हणून जन्मतः शुक्राची महादशा आणि तिची जवळपास चार वर्षं शिल्लक. शुक्राची वीस वर्षं ८०० कलांवर पसरलेली असल्याने चंद्राची एक कला म्हणजे नऊ दिवस. चंद्र पंधरा मिनिटांत आठ-नऊ कला चालतो. म्हणजे जन्म पंधरा मिनिटं उशिरा धरला की पुढची प्रत्येक दशा साधारण अडीच महिने आधी लागते. नऊच्या वेळेने काढलेली कोष्टकातली तारीख ‘१ जुलै’ अशी ठाम दिसत असली, तरी तिच्या मागे अडीच महिन्यांची सावली असते. या मुद्द्याकडे पुढे परत यावं लागणार आहे, कारण नेमकी तिथेच चूक झाली.

राहूचं वजन कशावरून केलं

दहावा आणि अकरावा, दोन्ही उपचय स्थानं. तिसरं आणि सहावं ही त्यांची भावंडं. क्रूर ग्रह इथे वयाबरोबर फळ वाढवत नेतो अशी परंपरा आहे, त्यामुळे ‘चांगला की वाईट’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंचं उत्तर जवळपास सारखंच येतं. भूक कशाची आहे, तिथे फरक पडतो. दशमातल्या राहूला पद लागतं. नाव, खुर्ची, निर्णयाचा हक्क, आणि म्हणून वरच्या माणसाशी झगडा. लाभातल्या राहूला प्राप्ती आणि पसारा लागतो. ओळखी, मोठं मित्रमंडळ, एक इच्छा पुरी होताच तिच्या जागी दुसरी.

म्हणून सहा घटना कागदावर मांडल्या आणि प्रत्येकीपुढे तीन प्रश्न लिहिले: कामाची संधी कुठून आली, आधी पैसा वाढला की अधिकार, आणि शेवट कशाने झाला. संधी पाच वेळा ओळखीतून आली, हे लाभाचं लक्षण. आधी पैसा वाढला चार वेळा, हेही लाभाचंच. पण शेवट तीन वेळा वरिष्ठांशी भांडून झाला, आणि सगळ्यात मोठी उडी, २०१९ ची, ती आधी अधिकार आणि तीन महिन्यांनी पैसा अशी आली. हे दशमाचं.

निष्कर्ष असा काढला की हा राहू संधीवरचा आहे आणि तो दोन्ही घरांत पाय ठेवून उभा आहे. कुणाला ही पळवाट वाटेल. पण अशा वेळी जबरदस्तीने एक घर निवडलं की पुढचं सगळं विवेचन त्या निवडीला साजेसं होत जातं, आणि आधीच्या दोन्ही सल्ल्यांचं तेच झालं होतं.

घर डळमळीत असलं तरी रास, नक्षत्र आणि राशिस्वामी डळमळीत नव्हते. पुढचं वाचन त्यांच्यावरच उभं केलं. राहूचा राशिस्वामी शुक्र. सिंह लग्नाला तोच दशमेश. तो चौथ्या स्थानी, केतूबरोबर, आणि तिथून दशमावर पूर्ण दृष्टी टाकणारा. म्हणजे पद मिळवून देणारा ग्रह सोडायला लावणाऱ्याच्या शेजारी बसला आहे. राहूचं नक्षत्र रोहिणी, त्याचा स्वामी चंद्र. आणि चंद्र या पत्रिकेत व्ययेश आणि क्षीण. व्ययस्थान झोपेचंही आहे. महत्त्वाकांक्षेची दोरी मनाशी आणि झोपेशी बांधलेली दिसते ती इथे. तुळेतल्या मंगळाची आठवी दृष्टी वृषभेवर पडते, त्यामुळे या राहूच्या निर्णयांना धार आणि घाई दोन्ही येतात.

एक चूक इथे फार होते. धनूतला गुरू मिथुनेकडे, म्हणजे लाभस्थानाकडे, सातव्या दृष्टीने पाहतो. राहूला ‘अकरावा’ म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं: त्यावर गुरूची दृष्टी आहे, तो सांभाळून घेईल. पहिल्या ज्योतिषाने हेच सांगितलं होतं. पण राहू मिथुनेत नाही, वृषभेत आहे. अंशांनी मोजलं तरी गुरूच्या समोरचा बिंदू राहूपासून बारा अंश दूर पडतो. घर चलितातून आणि दृष्टी राशीतून घेतली की नसलेलं संरक्षण कागदावर तयार होतं. भागीदारीच्या बाजूचा अर्धा युक्तिवाद याच एका वाक्यावर उभा होता.

दशा आणि गोचर

राहूची महादशा अठरा वर्षांची. नऊच्या जन्मवेळेने ती जानेवारी २०११ मध्ये लागते. त्यात राहूची स्वतःची अंतर्दशा २ वर्षं ८ महिने १२ दिवस, नंतर गुरू, मग शनी. डिसेंबर २०१८ पासून बुध. सिंह लग्नाला बुध हा धनेश आणि लाभेश, आणि बढती त्याच्याच अंतर्दशेत आली. बुध जुलै २०२१ पर्यंत. त्यानंतर केतू १ वर्ष १८ दिवस, म्हणजे जुलै २०२२ पर्यंत, आणि मग शुक्र पूर्ण तीन वर्षं, जुलै २०२५ पर्यंत.

गोचराने राहू सप्टेंबर २०२० मध्ये वृषभेत आला होता आणि २०२१ च्या वसंतात जन्मराहूवरून जाणार होता. राहूची फेरी साधारण १८.६ वर्षांची, म्हणून सदतिसाव्या वर्षी ही दुसरी. शिवाय धनू राशीची साडेसाती शेवटच्या अडीचकीत होती, ती १७ जानेवारी २०२३ ला शनी कुंभेत परतल्यावर संपणार होती.

यावरून काढलेलं अनुमान असं: उडी मारण्याची ओढ वसंतात शिखरावर जाईल, आणि लगेच पुढे केतूचं वर्ष आहे. केतू दशमेशाबरोबर बसलेला असल्याने त्या वर्षात पदाबद्दलची आस्था कमी होईल किंवा पदच कापलं जाईल. ओढ जितकी जोरकस, तितकी तिच्यावर सही करायची वेळ वाईट.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय, मार्चअखेर राजीनामा देऊन भागीदारी घ्यायची. बाजूने होती लाभेश बुधाची चालू अंतर्दशा, पण तिचे चारच महिने उरले होते. विरुद्ध बाजूला पत्रिकेपेक्षा जमाखर्च भारी पडला. हाताशी असलेली शिल्लक सात महिन्यांच्या खर्चाची होती आणि हमीची रक्कम वीस महिन्यांच्या पगाराइतकी. हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसरा, जुलै २०२२ पर्यंत काहीच करायचं नाही. दशेच्या हिशेबाने सर्वांत सुरक्षित. पण जिची झोप चार तासांवर आली आहे तिला ‘दीड वर्ष गप्प बसा’ सांगणं म्हणजे सल्ला नव्हे. दाबून धरलेली अस्वस्थता एखाद्या बैठकीत फुटते, आणि या पत्रिकेत मंगळ राहूकडे पाहतो.

तिसरा, सहकाऱ्याला सहा महिने सल्लागार म्हणून मदत करायची, हमी आणि हिस्सा दोन्ही नंतर. हा मधला मार्ग आकर्षक होता. नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला बंदी होती, म्हणून तो तिथेच संपला. करार वाचायचा प्रश्न मात्र दुसऱ्या भेटीत निघाला. तो पहिल्याच भेटीत निघायला हवा होता.

चौथा, नोकरी ठेवायची, हमी साफ नाकारायची, आणि मोठ्या निर्णयांना विलंब लावणारी काही यंत्रणा उभी करायची. हा निवडला.

काय केलं

सहकाऱ्याला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नकार कळवला. ‘हमी देणार नाही’ एवढंच कारण दिलं. राहू-केतूचा उल्लेख नाही. व्यवसायाच्या बोलण्यात दशा आणली की समोरचा माणूस मुद्द्यावर बोलणं सोडून श्रद्धेवर बोलू लागतो.

दुसरं, तीन रात्रींचा नियम. राजीनामा, नवा प्रस्ताव किंवा वरिष्ठांना कडक मेल लिहायची असेल तर लिहायची, पण तीन रात्री मध्ये गेल्याशिवाय पाठवायची नाही. दुसऱ्या रात्री अगदी कमी झोप झाली असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

तिसरं, एक वही. ज्या दिवशी ‘सगळं सोडून द्यावं’ असं वाटेल त्या दिवसाची तारीख, आदल्या रात्रीची झोप आणि त्या दिवशी काय घडलं, एवढे तीन रकाने. अपेक्षा अशी होती की या नोंदी चंद्र रोहिणीतून जाताना, म्हणजे सत्तावीस दिवसांच्या अंतराने, गोळा होतील. अकरा आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. त्यांतल्या दोनच रोहिणीजवळ होत्या. सहा नोंदी एक सोमवार सोडून येणाऱ्या आढावा बैठकीच्या दिवशीच्या किंवा तिच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या. हा निकाल आपल्या गृहीतकाविरुद्ध गेला म्हणून झाकायचं कारण नाही. दशमातल्या राहूचा वरिष्ठांशी संबंध परंपरेत सांगितलेलाच आहे, पण इथे उपयोगी पडली ती बैठकीची तारीख. त्या दिवशी संध्याकाळी कोणतीही मेल लिहायची नाही, असा नियम मग वाढवला.

उपायांबद्दल. त्यांनी आधीच गोमेद घेऊन ठेवला होता, तो वापरू दिला नाही. रत्न ग्रहाचं बळ वाढवतं असं मानलं, तर इथे राहूचं बळ कमी नव्हतंच. अतिरेक हीच तक्रार होती. जप त्यांना करायचा होता. राहूची रूढ जपसंख्या अठरा हजार. रोज एक माळ, १०८ धरली, तर ती १६७ दिवसांत पुरी होते. ‘ॐ रां राहवे नमः’ ही माळ रात्री साडेदहाला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. या वेळेमुळे झोपायची वेळ आपोआप ठरली. झोप सुधारली ती जपाने की ठरावीक वेळेने, हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायचा प्रयत्नही केला नाही. डॉक्टरांकडे जायला सांगितलं होतं, पण त्या गेल्या दोन महिन्यांनी.

पुढे काय झालं

एप्रिल २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आढावा बैठकीत सगळ्यांसमोर तोंडी राजीनामा दिला. तीन रात्रींचा नियम लिखित गोष्टींसाठी होता, बोलण्यासाठी नव्हता. कंपनीने तो लगेच नोंदवून घेतला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी तो मागे घेतला. नातं मात्र पूर्ववत झालं नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये विभागाची फेररचना झाली. एकशे दहा माणसांतली पन्नास त्यांच्याकडे राहिली, बाकीची दुसऱ्या प्रमुखाकडे गेली. पगार तोच, खुर्ची लहान. केतूच्या अंतर्दशेत असं काही होईल हे आधी सांगितलं होतं आणि ते झालं, असं म्हणता येईल. पण एप्रिलच्या त्या प्रकारानंतर वरच्यांनी त्यांच्यावरचं अवलंबन कमी केलं, हे साधं कारणही समोर आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, शुक्राची अंतर्दशा लागून सात महिने आणि साडेसाती संपून तीनेक आठवडे झाल्यावर, त्यांनी रीतसर सूचना देऊन नोकरी सोडली आणि स्वतंत्र सल्लागारी सुरू केली. दरम्यान शिल्लक चौदा महिन्यांच्या खर्चाइतकी झाली होती. पहिले तीन ग्राहक आधीच बोलून ठेवलेले होते, तिन्ही जुन्या ओळखीतले. २०२५ च्या मध्यापर्यंत उत्पन्न जुन्या पगाराच्या ऐंशी टक्क्यांवर आलं. झोप साडेसहा तासांवर.

सहकाऱ्याची कंपनी बुडाली असती तर प्रकरण नीटनेटकं झालं असतं. ती बुडाली नाही. त्यांच्या जागी आलेला भागीदार वादातून २०२२ मध्ये बाहेर पडला, पण कंपनी चालू आहे आणि हमीची वेळ कधी आली नाही. मार्च २०२१ मध्ये ‘हो’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे कोणत्याही पत्रिकेवरून सांगता येणार नाही.

निर्णयाची वळणं आणि काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक तारखेची. ‘जुलै २०२१ पासून केतू, तेव्हापासून जास्त जपा’ असं सांगितलं गेलं, आणि एप्रिल त्यांनी बेसावध काढला. वास्तविक ९ या एकट्या आकड्यावर शंका होतीच. जन्म सव्वानऊचा धरला असता तर केतूची अंतर्दशा एप्रिलच्या मध्यातच लागते. त्याला दुजोरा देणारी एक घटना आधीपासून कागदावर होती: नव्या क्षेत्राचं बोलणं नोव्हेंबर २०१० मध्ये निघालं होतं, आणि सव्वानऊच्या वेळेने राहूची महादशाही त्याच सुमाराला लागते. एका घटनेवरून वेळ दुरुस्त करू नये हे खरं. पण तारीख न देता ‘एप्रिल ते जुलै’ अशी खिडकी द्यायला तेवढी शंका पुरेशी होती. भाव ठरवताना जन्मवेळेवर एवढा खल केला, आणि दशेच्या वेळी तीच शंका विसरली गेली.

अयनांशाची निवडही याच रांगेत येते. कृष्णमूर्ती अयनांश लाहिरीपेक्षा सुमारे सहा कलांनी कमी. या पत्रिकेत एक कला म्हणजे नऊ दिवस, म्हणजे केवळ अयनांश बदलला तरी दशेच्या तारखा पावणेदोन-दोन महिने आधी येतात. इथे पूर्ण काम लाहिरीवर झालं आणि ते जातकाला सांगितलंही नव्हतं.

दुसरं, ‘राजयोग’ हा शब्द. दुसऱ्या ज्योतिषाने तो उच्चारल्यापासून त्यांच्या डोक्यात खुर्चीचं माप बदललं होतं. हंगामी प्रमुखपद हा त्यांना राजयोगाचा पहिला हप्ता वाटत होता, आणि दुसरा हप्ता उशिरा येतोय म्हणून त्या अस्वस्थ होत्या. राहू कोणत्या राशीत उच्चीचा, यावर परंपरेतच एकमत नाही. कोणी वृषभ मानतात, कोणी मिथुन. हे पहिल्या भेटीतच शांतपणे सांगायला हवं होतं. ते तिसऱ्या भेटीत सांगितलं.

तिसरं, घराचा विचार अपुरा राहिला. दशमेश आणि केतू दोन्ही चौथ्या स्थानी असताना घरातली परिस्थिती विचारायला हवी होती. त्या वर्षभरात त्यांनी दोनदा घर बदललं होतं, आणि हे समजलं ते वहीच्या पाचव्या नोंदीत, ‘सामानाचे खोके अजून उघडले नाहीत’ या वाक्यातून.

जुलै २०२५ मध्ये शुक्र संपून रवीची अंतर्दशा लागली. रवी लग्नेश आहे आणि त्याची अंतर्दशा १० महिने २४ दिवसांची. ऑगस्टमध्ये त्यांचा निरोप आला: दुसऱ्या शहरात शाखा उघडायची आहे, कर्ज मिळतंय, हमी द्यावी लागेल. उत्तरात दोन प्रश्न गेले: शिल्लक किती महिन्यांची आहे, आणि वही चालू आहे का. शिल्लक अकरा महिन्यांची होती. वही फेब्रुवारीपासून बंद होती.